शिफ्टिंगचा ट्रक मागे, आपली गाडी पुढे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बदलताना सामानाचा ट्रक ठरवला, आता आपण आपल्या गाडीतून पुढे जाऊन त्याला नव्या फ्लॅटपर्यंत न्यायचं, एवढाच विषय आहे इथे. पॅकिंग कसं करावं, कोणाचा ट्रक घ्यावा हे यात नाही. मी स्वतः पाच वेळा घर बदललंय आणि नातेवाइकांच्या शिफ्टिंगला पुढची गाडी चालवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं, त्यामुळे जे प्रश्न लोक परत परत पाठवतात ते एका जागी लिहून काढलेत.

१. ड्रायव्हरला लोकेशन पाठवलं की झालं ना? पुढे गाडी घेऊन जायची खरंच गरज असते का?

मोठ्या रस्त्यापर्यंत गरज नसते. तिथपर्यंत ट्रक ड्रायव्हर तुमच्यापेक्षा चांगला पोचेल. गरज असते ती शेवटच्या एक-दीड किलोमीटरला. मॅपवर बिल्डिंगचं नाव टाकलं की पिन बिल्डिंगच्या मधोमध पडते, आणि मॅप तुम्हाला त्या पिनच्या जवळच्या रस्त्यावर आणून सोडतो, मग तो मागचा बोळ का असेना जिथून आत जायला रस्ताच नाही. कारमध्ये असाल तर रिव्हर्स मारून निघता येतं. भरलेला ट्रक बोळात शिरला की मागे दुचाक्या जमतात आणि पुढचा अर्धा तास गेला.

दुसरं म्हणजे मॅप जो रस्ता दाखवतो तो कारचा. वाटेत कमी उंचीचा पूल आहे, लोखंडी हाइट बॅरियर आहे, अवजड गाड्यांना ठराविक वेळेत बंदी आहे, हे गूगल मॅप्स ट्रकच्या हिशोबाने बघत नाही. म्हणून मी पिन बिल्डिंगची नाही तर गेटची पाठवतो, गेटसमोर उभं राहून टाकलेली, आणि तरीही शेवटच्या टप्प्याला पुढे राहतो.

२. रस्ता आधी जाऊन बघायचा का? बघायचा तर कधी?

हो, आणि शिफ्टिंग ज्या वेळेला आहे त्याच वेळेला बघा. रविवारी सकाळी सातला रिकामा दिसलेला रस्ता मंगळवारी अकराला तसा नसतो. शक्यतो त्याच वारी, त्याच वेळेला, आणि कार चालवत नाही तर शेवटचा अर्धा किलोमीटर चालत जा. चालताना ज्या गोष्टी दिसतात त्या गाडीतून दिसत नाहीत: लोंबणाऱ्या केबल, रस्त्यावर आलेली झाडाची फांदी, कोपऱ्यावरचा खांब, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर कोण गाडी लावतं ते.

आतला कोपरा का? ट्रक वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागे जात नाहीत, ती आतून कापून जातात. ट्रक जितका लांब तितकं जास्त. त्यामुळे ड्रायव्हरला आधी बाहेरच्या बाजूला जाऊन मग वळावं लागतं. आतल्या कोपऱ्यावर एक कार लावलेली असली तरी तुमची कार आरामात वळते पण ट्रकचं मागचं चाक तिथेच अडतं.

३. '१४ फुटी', '१७ फुटी' म्हणतात ती ट्रकची पूर्ण लांबी का?

नाही, ती मागच्या हौद्याची लांबी. केबिनचे आणखी पाच-सहा फूट धरा. म्हणजे १४ फुटी गाडी प्रत्यक्षात साधारण ६ मीटर आणि १७ फुटी ७ मीटरच्या आसपास. ट्रक बुक करतानाच विचारा: पूर्ण लांबी किती, आणि जमिनीपासून सगळ्यात उंच भागापर्यंत उंची किती. उंचीबद्दल प्रश्न १० मध्ये सविस्तर आहे, कारण खरी फजिती तिथे होते.

४. निघायच्या आधी ड्रायव्हरशी काय बोलून घ्यायचं?

पाच मिनिटं लागतात पण लोक या पाच मिनिटांत दोरी बांधण्याकडे बघत राहतात. ड्रायव्हर आणि शेजारी बसणारा माणूस दोघांनाही समोर घ्या. मी साधारण असं बोलतो: "दादा, माझी गाडी पांढरी आहे, नंबरचे शेवटचे आकडे हे. मोठ्या चौकापर्यंत तुम्ही तुमच्या हिशोबाने या, मी पुढे आहे पण माझ्या मागे धावायची गरज नाही. चौकानंतर पेट्रोल पंप लागतो, तिथे मी थांबतो. तिथून पुढे माझ्या मागेच या." पांढरी गाडी असेल तर मागच्या काचेला एक रंगीत ओढणी किंवा टॉवेल कोपऱ्यात लावा, पांढऱ्या गाड्या रस्त्यावर खूप असतात. मागचं दिसणं मात्र झाकू नका.

मग थांबे ठरवा. पूर्ण रस्त्यात दोन किंवा तीन, जास्त नकोत. थांबा असा हवा की ट्रकला कडेला घेऊन पाच मिनिटं उभं राहता येईल आणि चुकला तरी कोणालाही विचारून सापडेल. आणि एक गोष्ट नक्की ठरवा: ताटातूट झाली तर कोणी कोणाला शोधत फिरायचं नाही, पुढच्या ठरलेल्या थांब्यावर भेटायचं.

फोन नंबर दोन्हीकडे दोन-दोन असू द्या. ड्रायव्हरचा एकच नंबर घेतला आणि तो गाडी चालवतोय म्हणून उचलत नाही (बरोबरच आहे त्याचं), तर तुम्ही अडकलात. शेजारच्या माणसाचा नंबर घ्या. तुमच्या गाडीतही बोलायला दुसरं कोणीतरी हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असं देता येतं, त्यातलं ८ तासांचं लावा, एक तासाचं नेमकं शेवटच्या वळणाला बंद पडतं.

५. ट्रकच्या किती पुढे राहायचं आणि स्पीड किती ठेवायचा?

स्पीड ट्रक ठरवतो, तुम्ही नाही. मोकळ्या रस्त्यावर त्याला ४० सोयीचे वाटत असतील तर तुम्हीही ४०. आतमध्ये कपाटं उभी आहेत, तो जोरात ब्रेक मारणार नाही आणि पटकन पिकअपही घेणार नाही. तुम्ही खड्डा चुकवून सटकन पुढे गेलात तरी तो तिथे जवळपास थांबूनच जाणार.

अंतर म्हणाल तर साधारण तीन सेकंदांचं. ४० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, म्हणजे ३३ मीटर झाले. मोजायचं कसं तर तुम्ही एखादा खांब पार केला की सोबतच्याला आरशात बघून मोजायला सांगा, ट्रक त्या खांबाशी यायला तीन सेकंद लागले पाहिजेत. यापेक्षा कमी असेल तर तुमच्या अचानक ब्रेकला तो थांबू शकणार नाही. खूप जास्त ठेवलं तर मध्ये बस, रिक्षा, कोणीही घुसतं आणि एक उंच बस मध्ये आली की तुमचे इंडिकेटर त्याला दिसणं बंद.

एखादी गाडी मध्ये आली तर घाबरून स्लो होऊ नका, ट्रक उंच आहे, छोट्या गाडीवरून ड्रायव्हरला तुम्ही दिसता. बस किंवा दुसरा ट्रक आला तरच हळू होत ती गाडी पुढे जाऊ द्या.

६. वळायच्या किती आधी इंडिकेटर द्यायचा?

एकट्याने चालवताना देतो त्याच्या दुप्पट आधी. ४० च्या स्पीडला मी वळणाच्या ८०-१०० मीटर आधी देतो, म्हणजे ड्रायव्हरला सात-आठ सेकंद मिळतात. त्याला इंडिकेटर बघायचा, आरसा बघायचा, लेन बदलायची, गिअर उतरवायचा आणि वर सांगितलं तसं बाहेरच्या बाजूला जागा करायची असते. फक्त मध्ये दुसरी गल्ली असेल तर तिच्या आधी इंडिकेटर देऊ नका, तो तिथेच वळेल. ती गल्ली ओलांडली की लगेच द्या आणि स्पीड २० वर आणा.

या सगळ्यात माझा एक नियम आहे जो मी कोणत्याही परिस्थितीत मोडत नाही: आरशात ट्रक दिसल्याशिवाय वळायचं नाही. वळणाच्या तोंडाशी आलो आणि ट्रक दिसत नसेल तर वळणाआधी कडेला थांबतो. वळून पुढे जाऊन थांबणं हे उलटं आहे, कारण ट्रक येईल तेव्हा त्याला तुम्ही दिसणारच नाही आणि तो सरळ निघून जाईल. वळणाआधी थांबायला जागाच नसेल तर सोबतच्याला उतरवून कोपऱ्यावर उभं करा आणि वळून घ्या.

७. सिग्नलला मी निघून गेलो आणि ट्रक लालवर अडकला. आता?

काही बिघडलेलं नाही. सिग्नल ओलांडून लगेच ब्रेक मारू नका, मागची सगळी वाहतूक तुमच्यावर येईल. १००-१५० मीटर पुढे जाऊन सुरक्षित जागी कडेला घ्या आणि थांबल्यावर हॅझर्ड लावा. पण हे थांबणं पुढच्या वळणाच्या आधीच हवं (प्रश्न ६). ट्रक आरशात आला की लगेच इंडिकेटर देऊन निघा, त्याला तुमच्या मागे थांबायला लावू नका.

मुळात हे टाळता येतं. हिरवा बराच वेळ चालू दिसतोय आणि तुम्ही सिग्नलपासून लांब आहात तर सावकाश जा आणि पिवळा लागला की थांबा. मागचे हॉर्न मारतील, मारू द्या. पुढच्या गाडीने पिवळ्यात घुसणं म्हणजे मागच्या भरलेल्या ट्रकला लाल तोडायला सांगणं आहे, आणि ड्रायव्हर तुम्हाला गमवायच्या भीतीने खरंच तोडतो, मी बघितलंय.

८. मीच वळण चुकलो तर? किंवा ट्रक चुकीच्या गल्लीत वळला तर?

तुम्ही चुकलात तर सरळ चालत राहा. यू-टर्न कार मारते, ट्रक नाही. सात मीटरच्या ट्रकला एका दमात यू-टर्न घ्यायला साधारण १४-१५ मीटर रुंदी लागते, ती बहुतेक रस्त्यांवर मिळत नाही. म्हणून मी रस्ता बघायला जातो तेव्हाच प्रत्येक महत्त्वाच्या वळणासाठी 'चुकलो तर पुढून कुठून' हे बघून ठेवतो. अर्धा किलोमीटर लांबचा वळसा ट्रकला काहीच नाही, अरुंद रस्त्यात मागे घेणं खूप आहे.

ट्रक चुकला तर तुम्ही त्याच्या मागे जाऊ नका. आता तुम्ही त्याच्या मागे आहात म्हणजे त्याला रस्ता दाखवायला कोणी नाही आणि त्याला मागे यायचं असेल तर अडथळा तुम्हीच. शेजारच्या माणसाला फोन करून विचारा पुढे रस्ता निघतो का, आणि निघत असेल तर ठरलेल्या थांब्यावर जाऊन थांबा. गल्ली बंद असेल तर मात्र गाडी मोठ्या रस्त्यावर लावा, चालत जा आणि त्याला बाहेर काढायला मदत करा.

ड्रायव्हर शॉर्टकट म्हणत असेल तर मोठ्या रस्त्यावर त्याचं ऐका. शेवटच्या टप्प्यात मात्र जिथून तुम्ही चालत गेला आहात तोच रस्ता.

९. पूर्ण रस्ता हॅझर्ड लाइट चालू ठेवू का, म्हणजे ट्रकला मी ओळखू येईन?

नको. दोन्ही बाजूचे दिवे लुकलुकत असताना तुम्ही कुठे वळताय हे ट्रकलाही कळत नाही आणि इतरांनाही नाही. हॅझर्ड फक्त थांबल्यावर. ओळखीसाठी ओढणी पुरते.

१०. गेटवर कमान आहे. ट्रक जाईल की नाही कसं कळणार?

टेप घेऊन मोजा. बंद बॉडीचे शिफ्टिंगचे ट्रक आकारानुसार साधारण २.७ ते ३.३ मीटर उंच असतात. कार पार्किंगच्या बेसमेंटची उंची बऱ्याचदा २.१ ते २.४ असते, म्हणजे तिथे प्रश्नच मिटला. कमानीचं मोजमाप मधोमध नाही तर ज्या जागेवरून ट्रकची वरची कडा जाणार तिथे घ्या, गोल कमान कडेला खाली येते. त्यावर लावलेला दिवा, कॅमेरा, बोर्ड, आणि गेटला चढ असेल तर तोही बघा. चढावर ट्रकचं पुढचं टोक वर जातं आणि खाली मोजलेली उंची उपयोगाची राहत नाही. किमान १५ सेंटीमीटर मोकळे हवेत, त्याहून कमी असेल तर मी बाहेरच थांबवतो.

आता यातली एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. भरलेला ट्रक वजनाने खाली बसतो. सामान उतरलं की स्प्रिंग उठतात आणि ट्रक काही सेंटीमीटर उंच होतो. आमच्या एका शिफ्टिंगला ट्रक कमानीखालून चार बोटं जागा ठेवून आत आला, आम्ही खूश. संध्याकाळी रिकामा ट्रक निघायला गेला तर वरचा पत्रा कमानीला टेकायला आला. नशीब ड्रायव्हरने उतरून बघितलं. बिल्डिंगला मागे एक गेट होतं, कमान नसलेलं, पण ते कायम कुलूपबंद, आणि किल्ली मिळेपर्यंत पाऊण तास गेला. तेव्हापासून मी आत नेतानाच विचारतो, रिकामा होऊन बाहेर कुठून जाणार.

११. गेटच्या आत न्यायला सिक्युरिटी नाही म्हणतात. का? आणि परवानगी कोणाची लागते?

कमिटी किंवा मॅनेजमेंटची, आणि ती लेखी घ्या, मेसेज चालेल. त्यात दिवस, वेळ, ट्रकचा आकार, कुठल्या गेटने आणि कुठली लिफ्ट हे सगळं असू द्या. आदल्या दिवशी गेटवरच्या माणसाला तो मेसेज दाखवा, आणि शिफ्ट बदलते हे लक्षात ठेवून सकाळी परत.

नाही म्हणायला खरी कारणं असतात. आतल्या रस्त्याखाली बेसमेंट किंवा पाण्याची टाकी असली तर स्लॅब कारच्या वजनाचा असतो, भरलेला ट्रक कित्येक टन असतो. चेंबरची झाकणं फुटतात. फायर ब्रिगेडच्या गाडीचा रस्ता अडवता येत नाही. म्हणून 'ट्रक आत सोडा' म्हणून भांडण्यापेक्षा 'अवजड गाडी कुठपर्यंत येऊ शकते ते दाखवा' असं विचारा, बहुतेक वेळा एखादी ठरलेली जागा असतेच.

१२. ट्रक उभा करायची जागा आधी धरून कशी ठेवायची?

तुमची स्वतःची दुसरी गाडी असेल तर आदल्या रात्री तीच तिथे लावा. नसेल तर नव्या शेजाऱ्यांना विनंती करा, नाहीतर एक माणूस सकाळपासून तिथे उभा. सार्वजनिक रस्त्यावर खुर्च्या-दगड ठेवून जागा अडवू नका, बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे आणि भांडणं होतात. काही शहरांत त्यासाठी परवाना मिळतो, आधी चौकशी करा.

जागा किती? ट्रकची लांबी आणि मागे आणखी किमान ४ मीटर. फाळका खाली पडतो किंवा रॅम्प लागतो, आणि त्याच्या मागे दोन माणसांना कपाट आडवं धरून वळावं लागतं. म्हणजे १७ फुटी ट्रकला ११ मीटर, जवळजवळ दोन-सव्वादोन कारची जागा. लोक ट्रकपुरती जागा धरतात, मग ट्रकच्या शेपटीला लागून कोणीतरी कार लावतं आणि फाळकाच उघडत नाही. ट्रक लागला की मागच्या चार मीटरमध्ये तुमची कार लावायचा मोह होतो, तोही टाळा.

जागा सपाट हवी. उतारावर असेल तर दोऱ्या सोडल्यावर आतलं सामान दाराकडे येतं. पर्याय नसेल तर ट्रकचं तोंड उताराकडे करा म्हणजे मागचं दार वरच्या बाजूला राहील, आणि चाकाला ठोकळा लावून घ्या.

१३. पोचल्यावर माझी गाडी कुठे लावू?

इथे नव्वद टक्के लोक चुकतात. गेट आलं म्हणून आनंदाने गेटसमोर थांबतात आणि उतरतात. आता ट्रक मागे उभा, त्याच्या मागे रांग, आणि ट्रकला जिथे जायचंय तिथे तुमची कार. गेट ओलांडून २०-२५ मीटर पुढे जा, कडेला थांबा, सोबतचा माणूस आधीच उतरलेला हवा. ट्रकला पुढचं सगळं मैदान मोकळं. तुमची कार सगळ्यात शेवटी पार्किंगमध्ये.

१४. एखादं शिफ्टिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं झालं ते सांगाल का?

मागच्या वर्षी माझ्या चुलत बहिणीचं केलं. १७ फुटी बंद ट्रक, १२ किलोमीटर, नवा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. चार दिवस आधी त्याच वेळेला चालत जाऊन बघितलं तर शेवटच्या वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर सकाळी दहानंतर एक डिलिव्हरी व्हॅन रोज उभी असते असं कळलं. रस्ता ६ मीटर रुंद, व्हॅन असली तर ट्रक वळणं अशक्य. व्हॅनवाल्याशी बोललो, तो म्हणाला साडेनऊच्या आत या नाहीतर मला फोन करा, मी पुढे घेतो. नंबर घेतला आणि ट्रक एक तास लवकर भरायला लावला.

त्या दिवशी ८:२० ला निघालो. दोन थांबे ठरलेले, पहिला उड्डाणपुलानंतर आणि दुसरा शेवटच्या वळणाच्या ४०० मीटर आधी एका मोकळ्या मैदानापाशी. तिसऱ्या सिग्नलला ताटातूट झाली, मी पुढे जाऊन थांबलो, दीड मिनिटात ट्रक आला. ९:०५ ला मैदानापाशी दोघंही उभे. इथे मी मुद्दाम दहा मिनिटं थांबलो. भाऊजी स्कूटरवरून पुढे गेले, कोपरा मोकळा आहे का, गेट उघडलंय का, लिफ्ट बाजूला ठेवलीय का हे बघून त्यांनी फोन केला. लिफ्ट कोणीतरी वापरत होतं. ती सुटल्यावरच आम्ही हललो. भरलेला ट्रक मैदानापाशी उभा राहणं आणि गेटसमोर उभा राहणं यात खूप फरक आहे, मैदानापाशी कोणाला त्रास नाही.

मग मी पुढे, २० च्या स्पीडने. कोपऱ्यावर भाऊजी उभे. मी वळलो, गेट ओलांडून पुढे थांबलो. ट्रक तोंडाने आत गेला, आत वळायला जागा होती त्यामुळे रस्त्यावरून रिव्हर्स आत घ्यावं लागलं नाही. ९:३० ला फाळका उघडला.

१५. ट्रक मागे घेताना कोणी कुठे उभं राहायचं?

एकच माणूस सांगणार, आणि तो शक्यतो ट्रकचाच हेल्पर. बाकीच्यांनी गप्प बसायचं. चार जण 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडले की पाचव्याचा 'थांब' ऐकू जात नाही.

उभं राहायचं ड्रायव्हरच्या बाजूला, ट्रकच्या मागच्या कोपऱ्यापासून तिरकं बाहेर, जिथून त्याच्या आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसेल. तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. ट्रक आणि भिंतीच्या मध्ये कधीही नाही, कितीही जागा असली तरी. हाताची खूण आधी ठरवा: उघडा पंजा वर म्हणजे थांब. आणि तुम्ही आरशातून गायब झालात तरी त्याने थांबायचं, हेही आधी सांगून ठेवा. लहान मुलांना या वेळात कोणीतरी वर फ्लॅटमध्ये घेऊन बसा.

१६. ट्रक गेटपर्यंत येऊच शकत नसेल तर?

हे आदल्या दिवशी कळलं असेल तर छोटा टेम्पो ठरवा जो मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकमधून सामान गेटपर्यंत फेऱ्या मारून आणेल, किंवा सुरुवातीपासूनच दोन छोट्या गाड्या घ्या. ऐनवेळी कळलं तर अंतर मोजा. ट्रकपासून लिफ्टपर्यंत ५०-६० मीटरपर्यंत ट्रॉलीने होतं, फक्त वाट सपाट हवी. त्याहून जास्त असेल तर माणसं थकतात, सामान आपटायला लागतं, आणि जादा चालण्याचे पैसे मागतात, जे रास्त आहे. हे दर बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. ट्रक आणि लिफ्ट दोन्हीकडे आपला एक-एक माणूस हवा, मधल्या रस्त्यावर सामान विखुरलेलं असतं.

१७. लिफ्टमुळे ट्रक किती वेळ अडकेल याचा अंदाज कसा बांधायचा?

फेऱ्या मोजा. समजा ६० खोके आहेत आणि लिफ्टमध्ये एका वेळी ६ बसतात, १० फेऱ्या झाल्या. भरणं, वर जाणं, उतरवणं, खाली येणं धरून एका फेरीला ६ मिनिटं, म्हणजे एक तास. फर्निचरच्या १२ फेऱ्या, प्रत्येकी ८ मिनिटं, म्हणजे ९६ मिनिटं. एकूण अडीच तासांच्या वर. म्हणून गेटवर 'तासाभरात होईल' असं सांगू नका, तीन तासांची परवानगी घ्या. सोफा लिफ्टमध्ये मावत नाही हे आधी मोजून कळतं, तो जिन्याने जाणार असेल तर त्याची वेळ वेगळी धरा.

१८. दोन ट्रक असतील तर दोघांनाही सोबत न्यायचं का?

नाही. तीन गाड्यांची रांग शहरात टिकत नाही. पहिला ट्रक घेऊन जा, दुसऱ्याला अर्धा-पाऊण तास उशिरा निघायला सांगा आणि शेवटच्या थांब्यावर थांबवा. पहिला खाली झाला की कोणीतरी दुचाकीवर जाऊन त्याला आणेल. तसंही उभं करायला जागा एकाचीच असते.

१९. मी एकटीच आहे, सोबत कोणी नाही. जमेल का?

जमेल, फक्त गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हे पक्कं ठेवा. एक थांबा जास्त घ्या आणि सगळं बोलणं थांब्यावर उतरून करा. किंवा हेल्परला तुमच्या गाडीत बसवा, तो ड्रायव्हरशी फोनवर बोलेल आणि पोचल्यावर रिव्हर्सलाही तोच उतरेल. मला तर हे एकटं नसतानाही आवडतं.

दुसरा रस्ता म्हणजे ट्रकला शेवटच्या थांब्यावर उभं करून आधी एकटीने गेटपर्यंत जा, गाडी आत पार्किंगमध्ये लावून टाका, आणि चालत किंवा रिक्षाने परत येऊन ट्रकच्या केबिनमध्ये बसा. शेवटचे ४०० मीटर ड्रायव्हरच्या शेजारी बसून 'इथून आत, तो खांब सांभाळा' असं सांगणं हे पुढे कार चालवण्यापेक्षाही सोपं पडतं.

२०. पाऊस किंवा रात्र असेल तर काय बदलतं?

पावसात अंतर तीनऐवजी पाच-सहा सेकंद करा. मागची काच धुरकट होते, आरशात ट्रक ओळखू येत नाही, म्हणून ट्रकचे हेडलाइट लावून घ्या आणि वायपर, डिफॉगर आधी तपासा. रात्री उलटा त्रास, ट्रकचे दिवे उंच असल्यामुळे थेट तुमच्या आरशात येतात. आतला आरसा रात्रीच्या खटक्यावर टाका आणि ड्रायव्हरला लो बीमवर राहायला सांगा. ओढणी रात्री दिसत नाही, त्यामुळे थांबे एकाने वाढवा. लोंबणाऱ्या केबलही रात्री दिसत नाहीत, वाटेत त्या असतील तर मी तरी उजेडातच ट्रक आणतो. आणि पाऊस सुरू असताना फाळका उघडण्याआधी तो छताखाली येईल का ते बघा, नसेल तर ताडपत्री ट्रकच्या दारापासून जिन्यापर्यंत धरायला दोन माणसं जास्त लागतात.